मेय्यर की म्यो: शेजारचा शब्द बघून ठरवू नका

प्रश्न: फ्रेंच शिकतेय, ए टू लेव्हल. बों आणि बियँचं कम्पॅरेटिव्ह आलं की माझं मेय्यर आणि म्यो कायम उलटसुलट होतं. क्लासमध्ये सांगितलंय की नामाबरोबर मेय्यर आणि क्रियापदाबरोबर म्यो, तरी चुकतंच. काही सोपी ट्रिक आहे का? आणि सुपरलेटिव्हला ल, ला कधी लावायचं?

उत्तर:

तुमच्या क्लासमधल्या याच नियमापायी माझ्या भाचीचा मार्क गेला होता, त्यामुळे हे उत्तर जरा लांबणार आहे. मी घरी फ्रेंच शिकवते, आणि हा नियम ज्या कुणी पहिल्यांदा फळ्यावर लिहिला त्याने मुलांचं बरंच नुकसान केलंय असं माझं स्पष्ट मत आहे.

झालं असं की भाची अकरावीत होती. आपल्याकडे बरीच मुलं अकरावीला मार्क मिळतात म्हणून फ्रेंच घेतात, पण हिला खरंच आवड होती. युनिट टेस्टमध्ये दोन फुलांची तुलना करायची होती आणि तिने लिहिलं, से रोज सांत मेय्यर, म्हणजे या गुलाबांचा वास जास्त छान आहे. मॅडमनी मेय्यरवर लाल काट मारून वर म्यो लिहिलं आणि मार्क कापला. भाची विचारायला गेली तर उत्तर मिळालं, सांत हे क्रियापद आहे ना, मग म्योच येणार, नियम पाठ कर. पोरगी घरी येऊन मला म्हणाली, मावशी, तूच तर मला असं शिकवलंस. तिने बरोबरच लिहिलं होतं, आणि नुसतं बरोबर नाही तर सगळं समजून लिहिलं होतं, कारण रोज अनेकवचनी असूनही तिने मेय्यरला शेवटी एस लावला नव्हता. तो का लावला नाही हे ज्याला कळतं त्याला हा सगळा विषय कळला असं मी मानते.

फ्रेंचमध्ये छान वास येणं म्हणजे सांतीर बों. इथे बों हा शब्द दिसायला विशेषण असला तरी काम क्रियाविशेषणाचं करतो, म्हणून तो बदलत नाही, फूल एक असो नाहीतर टोपलीभर, बों तो बोंच. आता बोंचं कम्पॅरेटिव्ह काय, तर मेय्यर. म्हणून सांतीर मेय्यर, आणि बोंला एस नव्हता तर मेय्यरला पण नाही. शेजारी क्रियापद आहे की नाम याचा इथे काही संबंधच नाही. हवेचं पण तसंच आहे, हवा छान असली की इल फे बों म्हणतात आणि कालच्यापेक्षा आज जास्त छान असली की इल फे मेय्यर, क्रियापद समोर बसलेलं असूनसुद्धा.

मी पालक मीटिंगला ताईच्या ऐवजी स्वतः गेले. ताई म्हणत होती एका मार्कासाठी कशाला, पण प्रश्न मार्काचा नव्हता. मी मॅडमना दोन वाक्यं लिहून दाखवली. मों शियँ सां म्यो क म्वा आणि मों शियँ सां मेय्यर क म्वा. पहिल्याचा सरळ अर्थ, माझ्या कुत्र्याचं नाक माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे, त्याला वास जास्त चांगला कळतो. दुसऱ्याचा अर्थ, माझ्या कुत्र्याच्या अंगाला माझ्यापेक्षा छान वास येतो. क्रियापद एकच, सां, तरी एकात म्यो आणि एकात मेय्यर, कारण एक वाक्य सांतीर बियँवरून आलंय आणि दुसरं सांतीर बोंवरून. मॅडमनी कागद बघितला आणि म्हणाल्या की हे सगळं या लेव्हलला नसतं. मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. लेव्हलला नसेल तर शिकवू नका, पण मुलीने बरोबर लिहिलेलं कापू तरी नका.

तर तुमची ट्रिक. शेजारचा शब्द बघायचा नाही. वाक्यातली तुलना काढून टाकायची, साधं वाक्य करायचं आणि तिथे बों येतो की बियँ ते बघायचं. बों आला तर मेय्यर, बियँ आला तर म्यो. बस एवढंच. तिचं गाणं माझ्यापेक्षा चांगलं हे लिहायचंय, तर आधी साधं वाक्य, एल शांत बियँ, म्हणून एल शांत म्यो क म्वा. हा केक त्या केकपेक्षा चांगला, आधी स गातो ए बों, म्हणून स गातो ए मेय्यर.

आपली मुलं इथे चुकतात त्याची कारणं मला दोन दिसतात. एक म्हणजे सगळे इंग्रजीवरून जातात आणि इंग्रजीत दोन्हीला एकच बेटर आहे, तिथे निवडायची सवयच लागत नाही. दुसरं आपल्या मराठीतलं, इडली चांगली आहे आणि ती चांगली गाते, दोन्हीकडे आपण चांगली म्हणतो, तो असेल तर चांगला गातो, म्हणजे क्रियाविशेषणसुद्धा आपण लिंगाप्रमाणे बदलतो. म्हणून मुलं एल शांतच्या पुढे बिनधास्त मेय्यर लिहितात आणि वर स्त्रीलिंगी ई पण लावतात. म्यो कधीच बदलत नाही. विशेषण म्हणून आलेलं मेय्यर मात्र नामाप्रमाणे लिहिताना बदलतं, स्त्रीलिंगी असेल तर शेवटी ई, अनेकवचनी असेल तर एस, स्त्रीलिंगी अनेकवचनी असेल तर दोन्ही. उच्चार चारही रूपांचा सारखाच, त्यामुळे बोलताना ही चूक कुणाला कळत नाही आणि पेपरात मात्र मार्क जातात.

आता जिथे तुमच्या क्लासचा नियम उलट्या बाजूनेही फसतो ती जागा, एत्र, म्हणजे असणे. से मेय्यर आणि से म्यो दोन्ही बरोबर आहेत पण अर्थ वेगळे. कॉफीत साखर घातली, चव घेतली, आधीपेक्षा छान लागली, तर से मेय्यर, कारण चवीला से बों म्हणतात. चारऐवजी पाचला भेटू, ते बरं पडेल, तर से म्यो, कारण तिथे साधं वाक्य से बियँ असतं. खाण्यापिण्याला मेय्यर आणि सोय, प्लॅन, परिस्थिती, तब्येत यांना म्यो असं धरलंत तर एत्रच्या बहुतेक वाक्यांत निभावतं. आजारी माणूस सुधारला की सा वा म्यो, मला बरं वाटतंय म्हटलं की ज म सां म्यो. सिनेमाबद्दल मात्र स फिल्म ए मेय्यर आणि स फिल्म ए म्यो दोन्ही म्हणतात, कारण सिनेमाला ते बों पण म्हणतात आणि बियँ पण, तेव्हा तिथे डोकं खपवू नका.

कमी आणि सारखं यात काही गडबडच नाही हे फार कमी जण सांगतात. ओसी बों, म्वँ बों, ओसी बियँ, म्वँ बियँ, सगळं सरळ. फक्त प्ल्यू बों आणि प्ल्यू बियँ म्हणायचं नाही, त्यांच्या जागी हे दोन शब्द येतात, म्हणजे त्यांच्यात जास्त हा अर्थ आधीच भरलेला आहे. म्हणून प्ल्यू मेय्यर चूक आणि म्वँ मेय्यर पण चूक. खूपच जास्त चांगलं म्हणायचं तर मुलं त्रे म्यो लिहितात, ते फ्रेंच कानाला अगदी चूक लागतं, बोकू म्यो लिहा, आणि मेय्यरच्या आधी बियँ लावा, बियँ मेय्यर. हे अनियमित का, तर ही दोन्ही रूपं बोंपासून बनलेलीच नाहीत, लॅटिनमधल्या मेलिऑर आणि मेलिउस या एकाच शब्दाच्या दोन रूपांतून ती वेगवेगळी उतरली आहेत, त्यामुळे बोंशी जुळवत बसण्यात अर्थ नाही, पाठच करावी लागतात. मोवेचं पीर होतं ते पण असंच लॅटिनमधून आलेलं, पण तिथे प्ल्यू मोवे पण चालतं, माल शब्दाला प्ल्यू माल पण चालतं, म्हणून त्यात एवढी मारामारी नाही.

सुपरलेटिव्हचं थोडक्यात सांगते. मेय्यरच्या आधी नामाप्रमाणे ल, ला किंवा ले, आणि क्रियापदाला जोडलेल्या म्योच्या आधी कायम ल, गाणारी बाई असली तरी. माझा, तुझा असला शब्द आला तर तोच आर्टिकलचं काम करतो, मों मेय्यर आमी म्हणजे माझा सगळ्यात जवळचा मित्र, तिथे वेगळा ल नको. विशेषण नामानंतर येत असेल तर आर्टिकल दोनदा लागतं, ल फिल्म ल प्ल्यू लों, आणि मुलं दुसरा ल हमखास विसरतात. वर्गात पहिला, गावात मोठा, यातल्या आपल्या 'त'ला दां लावू नका, तिथे द लागतो, ल मेय्यर एलेव्ह द ला क्लास. म्वँद्र आणि बाकीची रूपं राहिली, ती पुस्तकात बघा.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. बोलताना फ्रेंच लोक सुद्धा सा सां म्यो म्हणतात, खिडकी उघडल्यावर खोलीतला कुबट वास गेला की हे ऐकू येतं, तेव्हा तुम्ही तसं म्हणालात तर कुणी अडवणार नाही आणि मी स्वतः त्याचा मार्क कापणार नाही. आणि प्ल्यू बों कधीच येत नाही असंही नाही, प्ल्यू ऊ म्वँ बों, म्हणजे कमीअधिक चांगला, हे चालतं, कारण तिथे प्ल्यूची जोडी म्वँशी आहे. पण माझ्या भाचीचा मेय्यर चूक होता असं कुणी म्हणत असेल तर त्यांनी कुठलाही चांगला फ्रेंच शब्दकोश काढून सांतीरखाली सांतीर बों बघावं आणि मग बोलावं.

तुमच्या वहीत आतापर्यंत मेय्यर आणि म्योवरून जी वाक्यं कापली गेली असतील ती सगळी काढा आणि प्रत्येकाच्या खाली तुलना काढलेलं साधं वाक्य लिहा. जिथे साधं वाक्य आणि सरांचं करेक्शन जुळत नाही तिथे त्यांना जाऊन विचारा, आणि नियम पाठ कर एवढंच उत्तर मिळालं तर कुत्र्याची ती दोन वाक्यं लिहून दाखवा.