ब्रिटनच्या विद्यापीठाची फी: सही करण्याआधी मसुद्यात काय पाहायचं

प्रश्न: मुलीला ब्रिटनमध्ये एमएस्सीला प्रवेश मिळालाय. पहिल्या हप्त्याचे 9,750 पौंड 19 सप्टेंबरपर्यंत भरायचेत. बँकेने परदेशी पैसे पाठवण्याचा ए-2 फॉर्म आणि स्विफ्ट संदेशाचा मसुदा सहीसाठी पाठवलाय. त्यात 13,200 डॉलर, खर्चासमोर SHA आणि हेतू म्हणून S1301 आहे. बँकेतले साहेब म्हणतात, "असंच असतं, काळजी नको." खात्याचे तपशील कन्सल्टंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या पीडीएफमधून दिलेत. जूनमध्ये 2,000 पौंड दुसऱ्या बँकेतून भरले होते. पैसे माझ्या बचतीतले आहेत, कर्ज नाही. सही करू का?

उत्तर:

एवढ्यात नका करू. मी बरीच वर्षं बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर काढली, आणि हा मसुदा मला ओळखीचा वाटतो. जुन्या कुठल्या तरी ग्राहकाचा फॉर्म उघडून त्यावर तुमचं नाव चढवलेलं दिसतंय. तुमच्या हातात आठवडा आहे आणि दुरुस्ती एका दुपारचं काम आहे.

मी स्वतः असा मसुदा वाचताना एकच विचार करतो: पैसे सुटल्यावर यातली कोणती चूक निस्तरता येते आणि कोणती नाही. त्याच क्रमाने सांगतो.

न निस्तरता येणारी चूक म्हणजे खातं. कन्सल्टंट भला माणूस असेलही, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली पीडीएफ हा पुरावा नव्हे. फीच्या हंगामात विद्यापीठाच्या नावाने "आमचं बँक खातं बदललं आहे" अशा खोट्या मेल फिरतात, आणि ती मेल आधी कन्सल्टंटलाच गेलेली असू शकते. मुलीला तिच्या स्वतःच्या लॉगिनने विद्यापीठाच्या पोर्टलवर जायला सांगा, फी भरण्याच्या पानावरचे तपशील तिथूनच उतरवून घ्या आणि मसुद्याशी अक्षर न् अक्षर ताडा. फोनवर एकाने वाचायचं, दुसऱ्याने मसुद्यावर टिचकी मारायची.

ताडताना आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, उलगडून पाहा. ब्रिटनचा आयबॅन नेहमी 22 अक्षरांचा असतो. सगळीकडे नमुना म्हणून छापला जाणारा हा आयबॅन बघा (यावर पैसे पाठवू नका!):

```
GB29 NWBK 601613 31926819
```

GB म्हणजे देश, 29 हे तपासणीचे आकडे, पुढची चार अक्षरं बँकेची, मग सहा आकडी सॉर्ट कोड आणि शेवटी आठ आकडी खाते क्रमांक. पोर्टलवर बहुधा सॉर्ट कोड आणि खाते क्रमांक वेगळेही दिलेले असतात. ते या आयबॅनच्या पोटात जसेच्या तसे सापडले पाहिजेत. स्विफ्ट कोड 8 किंवा 11 अक्षरांचा असतो, त्यातलं पाचवं-सहावं अक्षर देशाचं, म्हणजे इथे GB. तपासणीच्या आकड्यांमुळे टायपिंगची चूक पकडली जाते, भामटा पकडला जात नाही. त्याचाही आयबॅन नियमात अगदी चोख बसतो. म्हणून पोर्टलशी ताडणं टळत नाही.

लाभार्थी म्हणून विद्यापीठाचं पूर्ण नाव हवं. तिथे मुलीचं नाव घातलेलं मी अनेकदा पाहिलंय, कारण फॉर्म भरणाऱ्याला वाटतं पैसे "तिचे" आहेत. खातं विद्यापीठाचं आणि नाव मुलीचं असं झालं की समोरची बँक पैसे अडकवून चौकशी करत बसते. पोर्टलवरच्या सूचनापत्रात विद्यापीठाऐवजी एखाद्या पेमेंट कंपनीचं नाव असेल तर दचकू नका, बरीच विद्यापीठं फ्लायवायर किंवा कन्व्हेरासारख्या कंपन्यांमार्फत फी घेतात. फक्त तिथपर्यंत तुम्ही विद्यापीठाच्या पोर्टलवरूनच पोचलेले असायला हवेत.

आता हेतू कोड. इथे तुमचे खरे पैसे अडकणार आहेत. S1301 हा कुटुंबाच्या निर्वाहासाठी पाठवायच्या पैशांचा कोड आहे. "मुलगी कुटुंबातलीच ना" असं साहेब म्हणतील, पण परदेशी जाऊन शिकणाऱ्याची फी आणि वसतिगृहाचा खर्च यांसाठी S0305 आहे. यादीत खाली S1107 सुद्धा शिक्षणाचाच दिसेल. तो भारतात बसून परदेशी संस्थेचा पत्रद्वारे अभ्यासक्रम करणाऱ्यांसाठी, तुमच्यासाठी नाही.

फरक कराचा आहे. 2025-26 या आर्थिक वर्षात एका पॅनवर एकूण 10 लाखांपर्यंत परदेशी पाठवलेल्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ वसूल करते तो कर, लागत नाही. त्यावरच्या रकमेवर शिक्षणासाठी 5 टक्के, निर्वाहासाठी 20 टक्के. (शिक्षणकर्जातून पैसे गेले असते तर शून्य, पण तुमचं तसं नाही.) 10 लाखांची ही मर्यादा सगळ्या बँका मिळून आहे, म्हणून जूनची रक्कमही मोजायची. जूनमध्ये पौंड 116 रुपयांना पडला असं धरलं तर 2,32,000 रुपये. आता 118 धरला तर 9,750 पौंडांचे 11,50,500. बेरीज 13,82,500, म्हणजे मर्यादेच्या वर 3,82,500. S0305 असेल तर टीसीएस 19,125 रुपये, आणि S1301 राहिला तर 76,500. जवळपास सत्तावन्न हजारांचा फरक, आणि तोही दोन ओळींच्या घोळामुळे. टीसीएस हा खर्च नव्हे, तो तुमच्या 26एएसमध्ये दिसतो आणि विवरणपत्र भरताना जमेस धरला जातो. पण तोवर ते पैसे सरकारकडे बिनव्याजी पडून राहतात. एकदा व्यवहार त्या कोडखाली नोंदला गेला की बँकेला तो मागे जाऊन बदलायला लावणं फार जिकिरीचं असतं.

ए-2 मधल्या घोषणेत जूनचे 2,000 पौंड लिहायला विसरू नका. "दुसऱ्या बँकेचं यांना काय कळतंय" असं वाटून लोक तो रकाना कोरा सोडतात. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली परदेशी पाठवलेली प्रत्येक रक्कम पॅनवर नोंदली जाते, आणि खाली सही तुमची असते.

चलनाकडे वळू. विद्यापीठाने पौंडात मागणी केली आहे, मग मधे डॉलर कशाला? बहुतेक डॉलर हे फॉर्ममध्ये आधीपासून भरलेलं होतं आणि कोणी तरी त्या दिवशीच्या भावाने 9,750 पौंडांचे 13,200 डॉलर करून टाकले. 1.354 च्या भावाने ते बरोबर 9,749 पौंड होतात, कागदावर छान दिसतं. पण पौंडाच्या खात्यात डॉलर आले की ते विद्यापीठाची बँक बदलणार, आणि तिच्या भावाने. तिने एका पौंडाला 1.39 डॉलर लावले तर जमा होतील 9,496 पौंड. अडीचशे पौंड कमी. रुपयातून डॉलर करताना तुमच्या बँकेने तिचा नफा घेतलेला असतोच, वर हा दुसरा. म्हणून रक्कम GBP 9,750 अशीच लिहून घ्या आणि रुपयांचा आकडा बँकेला काढू द्या.

त्या आकड्यातही थोडी घासाघीस चालते. शाखा तुम्हाला दिवसाचा छापील भाव सांगेल. "ट्रेझरीकडून या रकमेसाठी टीटी सेलिंगचा वेगळा भाव मागवा" असं म्हणा, म्हणजे परदेशी पाठवायला बँक ज्या भावाने पौंड विकते तो. पौंडामागे पन्नास पैसे सुटले तरी 4,875 रुपये वाचतात. जीएसटीची मात्र भीती घालून घेऊ नका, तो पूर्ण रकमेवर नसतो. चलनबदलाच्या ठरलेल्या कोष्टकानुसार 11,50,500 रुपयांवर तो सुमारे 1,017 रुपये येतो. बँकेच्या कमिशनवरचा जीएसटी वेगळा.

राहिला SHA. त्याचा अर्थ तुमच्या बँकेचा खर्च तुमचा, वाटेतल्या आणि पलीकडच्या बँकांचा खर्च घेणाऱ्याचा. म्हणजे मधल्या बँकेने काही कापलं तर ते फीतून जातं. माझ्या पुतण्याच्या वेळी असे नऊ पौंड कमी पोचले. नऊच. पण पोर्टलने थकबाकी दाखवली आणि त्याची नोंदणी अडली. ते नऊ पौंड पुन्हा स्विफ्टने पाठवायचे तर पुन्हा ए-2, आणि बँकेचं कमिशन नऊ पौंडांपेक्षा मोठं! शेवटी पोराने तिथे कोणाच्या तरी कार्डाने भरले. OUR निवडलं की सगळा खर्च तुमच्याकडे येतो, बँक त्यासाठी थोडे जास्त घेते. अंतिम मुदत असलेल्या फीसाठी ते द्यावेत असं माझं मत आहे. तरीही शाखेला विचारा की तुमच्या बँकेचं OUR पूर्ण रक्कम पोचण्याची हमी देतं का, कारण डॉलरच्या मार्गावर मला OUR असूनही कापलेली रक्कम दिसलेली आहे. पौंडाच्या मार्गावर हा त्रास क्वचित झाला. नव्या नमुन्यातल्या संदेशात OUR ऐवजी DEBT आणि SHA ऐवजी SHAR दिसेल, अर्थ तोच.

तुमच्या मसुद्यात विद्यार्थी क्रमांक आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. पैसे पाठवणार तुम्ही, फी मुलीची. तिथल्या लेखा विभागाला तुमच्या नावावरून काही उमगणार नाही, आणि पासपोर्टवर आपल्या मुलींची नावं वडिलांच्या नावासकट लांबलचक असतात. संदर्भाच्या रकान्यात एका ओळीत 35 अक्षरंच मावतात, म्हणून आधी क्रमांक, मग नाव. शेपूट कापलं गेलंच तर नावाचं जाऊ दे.

दुरुस्त मसुदा जुन्या नमुन्यात साधारण असा दिसायला हवा, खात्याच्या जागी पोर्टलवरचं खातं:

```
:32A:250912GBP9750,
:59:/GB..................
UNIVERSITY FULL NAME
:70:ID 12345678 STUDENT NAME
TUITION FEE 2025-26
:71A:OUR
```

हेतू कोड या संदेशात शोधू नका, तो ए-2 वर असतो. तिथे S0305 लिहिलेलं स्वतः पाहूनच सही करा. सोबत फीचं मागणीपत्र आणि प्रवेशपत्र जोडा.

शक्यतो 12 तारखेला सकाळीच पाठवा. त्या दिवशी शुक्रवार आहे आणि परकीय चलनाचं टेबल दुपारनंतर त्या दिवसाचे व्यवहार घेत नाही. पैसे गेल्यावर "झालं" या शब्दावर घरी येऊ नका, स्विफ्ट संदेशाची प्रत मागा. त्यात UETR नावाचा 36 अक्षरांचा क्रमांक असतो. तो मुलीला पाठवून ठेवा. मंगळवारपर्यंत पोर्टलवर रक्कम दिसली नाही तर तिने तो विद्यापीठाच्या फी विभागाला द्यायचा आणि तुम्ही शाखेला. त्यावरून पैसे कोणत्या बँकेत थांबलेत हे दोन्हीकडून शोधता येतं.