थ्रीडी प्रिंटेड भोवरा आतून पोकळ केला, सेंटर ऑफ मास बरोबर अक्षावर आणलं, तरी डगमगतो. का?

कारण सेंटर ऑफ मास अक्षावर आणणं हे अर्धंच काम आहे, आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात.

आधी एवढं बघा की डगमगणं कुठल्या प्रकारचं आहे. सुरुवातीला छान घुमतो आणि वेग उतरल्यावर मोठे गोल घेत डुलायला लागतो, तर तो दोष नाही, प्रत्येक भोवरा शेवटी तसाच डुलतो. पण जोरात फिरवल्या फिरवल्या हाताला जाणवेल अशी थरथर असेल तर वजनाची वाटणी चुकलीय.

यावरून माझं आणि ग्रुपमधल्या एका मेकॅनिकलवाल्या मित्राचं जबरदस्त वाजलं होतं. मी पक्ष्याच्या आकाराचा भोवरा केला होता, गोल अंग, एका बाजूला वर चोच, समोरच्या बाजूला थोडी खाली शेपूट. त्याचं म्हणणं, दोन्हीकडे सारखीच पोकळी दे, सीजी म्हणजे तेच सेंटर ऑफ मास मधे आला की संपलं. मी म्हटलं नाही संपत, तर म्हणे तू उगाच कॉम्प्लिकेट करतोस. दिली त्याच्या म्हणण्याप्रमाणे, आडवा धरून दोन पट्ट्यांवर ठेवला तर कुठल्याच बाजूला लोळत नव्हता, म्हणजे सीजी चोख. फिरवला तर थरथर तशीच! त्यावर साहेब म्हणाले प्रिंटरच खराब आहे.

आता आकडेच बघा. टोकापासून उंची मोजायची. चोच २ ग्रॅम, अक्षापासून ३० मिमी लांब, ४० मिमी उंचीवर. शेपूट पण २ ग्रॅम, विरुद्ध बाजूला ३० मिमी, पण उंची २५. वजन गुणिले अंतर दोन्हीकडे ६०, म्हणून सीजी मधे. पण त्याला उंचीनेही गुणा, एकीकडे २४०० आणि दुसरीकडे १५००, म्हणजे ९०० उरले. स्थिर असताना हे ९०० दिसतच नाहीत, पण फिरताना चोच वरच्या बाजूला बाहेर ओढते, शेपूट खालच्या बाजूला, आणि भोवऱ्याला ज्या अक्षाभोवती फिरायचं असतं तोच तिरका होतो. कॅडमधे हाच आकडा Ixz आणि Iyz म्हणून दिसतो (ओरिजिन टोकावर आणि z उभा ठेवा), प्लस की मायनस ते सोडा, दोन्ही शून्याजवळ हवेत.

मग पोकळी तिरकी द्यायची. मी चोचीच्या बाजूने ३५ मिमी उंचीवर ३ ग्रॅम काढले आणि शेपटीच्या बाजूने १५ मिमी उंचीवर ३ ग्रॅम, दोन्ही अक्षापासून १५ मिमीवर. सीजी हलला नाही कारण दोन्हीकडून सारखंच गेलं, आणि ३ × १५ × (३५ − १५) = ९००, हिशोब मिटला. प्रिंटर तोच, फिलामेंट तेच, आणि थरथर गेली. मित्राच्या सारख्या उंचीवरच्या पोकळ्यांनी त्या ९०० मधून काढलेलं शून्य, मग जाणार कशी?

आणि अजून वजन कमी करायचं असेल तर अक्षाजवळचं, त्यातही वरचं काढा, काठाला हात लावू नका. काठावरचं वजन उभ्या अक्षाभोवतीचं जडत्व वाढवतं. ते कमी होऊन आडव्या अक्षाभोवतीच्या जडत्वाच्या जवळपास आलं तर Ixz मधली बारीकशी चूकसुद्धा अक्ष बराच तिरका करते. वरचं काढलं की सीजी पण खाली येतो, मग कमी वेगातही उभा राहतो.

हे सगळं नवीन नाही, डिस्ने रिसर्च आणि ईटीएच झुरिचच्या लोकांनी २०१४ च्या सिग्राफ परिषदेत स्पिन-इट नावाच्या पेपरमधे हेच ऑटोमॅटिक करून दाखवलंय. मित्राला पाठवला होता, अजून उत्तर नाही.

हां, एक राहिलं, हे सगळे आकडे स्लायसरमधे इनफिल १००% असेल तरच खरे. १५% ठेवलंत तर आत आधीच हवा, तुमची पोकळी काढून फारसं काही जातच नाही. पोकळीचं छत सपाट ठेवू नका, शंकूसारखं निमुळतं करा, कारण आत सपोर्ट अडकला तर बाहेर काढता येत नाही आणि त्याचंही वजन धरावं लागतं. आर प्रिंट न करता धातूची बसवा आणि ती अक्षावर सरळ आहे ना बघा, वाकडी असेल तर वरचं सगळं वाया. आणि आकारच फार एकांगी असेल, म्हणजे पक्ष्याची मान अंगाच्या बाहेर लांब गेलेली वगैरे, तर आतून कितीही कोरा, तेवढं काढायला मटेरियलच नसतं, तिथे आकार बदला नाहीतर समोरच्या बाजूला योग्य उंचीवर शिसं भरा.