क्लाउडच्या प्रस्तावात खर्च आणि धोके कसे मांडावेत?

प्रश्न: ऑफिसमधले सर्व्हर क्लाउडवर न्यायचा प्रस्ताव व्यवस्थापनाला पत्राने द्यायचाय. खर्च आणि धोके कसे मांडू?

उत्तर: पाच वर्षांचा एकूण खर्च मांडा, आणि स्थलांतराच्या काळात जुने सर्व्हर व क्लाउड दोन्ही चालू राहतील तो दुहेरी खर्च वेगळ्या ओळीत दाखवा. मी असं पत्र दिलं तेव्हा नेमकी हीच ओळ राहिली होती आणि प्रस्ताव परत आला. सध्याच्या खर्चात वीज, एसी, यूपीएसच्या बॅटऱ्या, वॉरंटीचं नूतनीकरण धरा. क्लाउडचा अंदाज मात्र आहे त्याच क्षमतेवर काढू नका. आधी महिनाभर सर्व्हरचा वापर मोजा. १६ कोअरपैकी एरवी तीनच वापरात असतील, तर बाकीच्यांचं भाडं उगाच भराल.

धोका आकड्यात सांगा, तो लगेच पटतो. ४ टीबी डेटा १०० एमबीपीएसच्या लाइनवरून परत आणायला, लाइन पूर्ण वेगाने चालली तरी, पावणेचार दिवस लागतात. म्हणून दुसरी इंटरनेट लाइन आणि स्वतंत्र बॅकअप याच पत्रात मागा. डेटा बाहेर काढण्याचं शुल्कही त्यात लिहा. टाकणं बहुधा फुकट असतं, काढणं नसतं.

एक अपवाद: दिवसभर मोठ्या ड्रॉइंग किंवा व्हिडिओ फायली उघडणाऱ्या विभागाचा सर्व्हर ऑफिसातच ठेवा.