मशीन भाड्याचं, मग कर्ज कुठून आलं?

प्रश्न: वडाळ्याला आमची प्रायव्हेट लिमिटेड प्रिंटिंग कंपनी आहे, मी अकाउंट्स बघतो. १ एप्रिलला डिजिटल प्रिंटिंग मशीन पाच वर्षांच्या लीजवर आलं. रोख घेतलं असतं तर ४० लाखांना पडलं असतं. भाडं वर्षाला १२ लाख अधिक जीएसटी, दर ३१ मार्चला द्यायचं, सर्व्हिसिंग त्यातच. मध्येच लीज सोडता येत नाही, मुदत संपली की मशीन परत. ऑडिटर म्हणतात ही फायनान्स लीज आहे, ताळेबंदात मशीनही दाखवा आणि कर्जही. शेठ म्हणतात, मशीन आपलं नाही, कर्ज काढलेलं नाही, गाळ्याचं भाडं जसं खर्चात टाकतो तसंच हेही टाका. कोणाचं खरं?

उत्तर:

ऑडिटरांचं. पण शेठजींना ‘स्टँडर्डमध्ये असं लिहिलंय’ एवढं सांगून भागणार नाही, म्हणून त्यांना आधी पागडीच्या खोलीची आठवण करून द्या. कागदोपत्री मालक घरमालकच असतो, पण तीन पिढ्या राहतं कोण, आतली दुरुस्ती करतं कोण, खोली हस्तांतरित झाली की पैशांचा मोठा वाटा मिळतो कोणाला? हिशेबशास्त्र लीजकडे असंच बघतं. नाव कोणाचं हा प्रश्न नंतरचा. मशीनपासून होणारा जवळजवळ सगळा फायदा आणि ते बंद पडण्याचा, जुनं होण्याचा जवळजवळ सगळा धोका ज्याच्याकडे, मशीन त्याच्या पुस्तकात. हे दोन्ही भाडेकरूकडे गेले असतील तर ती फायनान्स लीज, देणाऱ्याकडेच राहिले असतील तर ऑपरेटिंग लीज.

तुमच्यासारख्या कंपनीला एएस १९ हे स्टँडर्ड लागू होतं. त्यात ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत. मुदतीअखेर मालकी तुमच्याकडे येणार का, नाममात्र किमतीत मशीन घेण्याचा हक्क आहे का, लीजची मुदत मशीनच्या उपयुक्त आयुष्याचा मोठा भाग व्यापते का, भाड्यांचं आजचं मूल्य मशीनच्या किमतीच्या जवळपास जातं का, आणि मशीन इतकं खास तुमच्यासाठी बनवलेलं आहे का की दुसऱ्याला त्याचा उपयोग नाही. सगळ्या खुणा जुळायची गरज नाही. पहिल्या दोन तुमच्याकडे नाहीतच, तरीही चौथी एकटी पुरते. काही जण ७५ टक्के आणि ९० टक्के असे आकडे सांगतील. ते अमेरिकेच्या जुन्या नियमातून आलेत. एएस १९ मध्ये आकडा नाही, ऑडिटर अंदाजासाठी वापरतात एवढंच.

आता आजचं मूल्य काढू. इथेच मी एकदा सपशेल आपटलो होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो. आधीच्या नोकरीत अशाच एका मशीनसाठी मी करारातला भाड्याचा आकडा जसाच्या तसा घेतला आणि मूल्य काढलं. उत्तर मशीनच्या रोख किमतीपेक्षा जास्त आलं, आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. ऑडिटला आलेल्या आर्टिकल मुलीने विचारलं, ‘सर, ह्यात सर्व्हिसिंग आहे का?’ होतं. स्टँडर्ड सांगतं की किमान भाड्यातून सेवेचा खर्च आणि लीज देणारा नुसता वसूल करून पुढे भरतो तो कर वगळायचा. तुमचा जीएसटी म्हणूनच हिशेबात येत नाही आणि सर्व्हिसिंगही येत नाही. विक्रेत्याकडून तेवढ्याच सर्व्हिसचं कोटेशन मागवा. ते वर्षाला १ लाख आहे असं धरू. मग मशीनचं भाडं उरलं ११ लाख.

व्याजाचा दर कुठला धरायचा? पहिली पसंती लीजमध्येच दडलेल्या दराला. पण तो काढायला परत आलेलं मशीन केवढ्याला जाईल हा लीज देणाऱ्याचा अंदाज लागतो, आणि तो तुम्हाला कोणी सांगणार नाही. तेव्हा तेवढ्याच रकमेचं, तेवढ्याच मुदतीचं कर्ज बँकेने तुम्हाला ज्या दराने दिलं असतं तो धरा. इथे १२ टक्के धरतो. एक्सेलमध्ये एवढंच:

```
=PV(12%,5,-1100000)
```

उत्तर येतं ३९,६५,२५४. ४० लाखांच्या मशीनसाठी आजच्या भावाने ३९.६५ लाख तुम्ही देणारच आहात, म्हणजे ९९ टक्के. याला भाडं म्हणणं अवघड आहे. आणि १२ लाख धरले असते तर ४३.२६ लाख आले असते. मूल्य रोख किमतीच्या वर गेलं की समजा, एकतर भाड्यात सेवा घुसली आहे किंवा तुम्ही धरलेला दर खऱ्या दरापेक्षा कमी आहे. दोन्ही तपासूनही ते वरच राहिलं तर पुस्तकात रोख किंमतच घ्यायची, कारण नियम दोन्हींतली कमी रक्कम घेण्याचा आहे. मग व्याजाचा दरही त्या रकमेला जुळेल असा नव्याने काढावा लागतो.

पहिल्या दिवसाची नोंद सोपी आहे: मशीन खात्याला ३९.६५ लाख नावे, लीजचं देणं या खात्याला तेवढेच जमा. ३१ मार्चला १२ लाख जातील, त्यातला १ लाख सरळ सर्व्हिसिंगचा खर्च. उरलेल्या ११ लाखांचे दोन तुकडे होतात. ३९.६५ लाखांवर १२ टक्क्यांनी ४.७६ लाख व्याज, आणि ६.२४ लाख मुद्दल. देणं उतरून ३३.४१ लाखांवर येतं. दुसऱ्या वर्षी व्याज ४.०१ लाख, मुद्दल ६.९९ लाख. म्हणून पहिल्या ताळेबंदात हे ६.९९ लाख चालू देण्यांत जातील आणि २६.४२ लाख दीर्घ मुदतीच्या कर्जांत. ही फोड करायला विसरतात लोक, आणि करंट रेशो उगाच गोजिरा दिसतो.

घसारा वेगळा. मशीन परत जाणार आहे, तेव्हा लीजची मुदत आणि मशीनचं आयुष्य यांत जे कमी त्यावर, म्हणजे पाच वर्षांत, वर्षाला ७.९३ लाख. पहिल्या वर्षाचा खर्च झाला व्याज ४.७६ आणि घसारा ७.९३ मिळून १२.६९ लाख. शेठजींच्या पद्धतीने तो ११ लाख असता; सर्व्हिसिंगचा १ लाख दोन्हीकडे सारखाच, म्हणून तो सोडलाय. पाचव्या वर्षी व्याज १.१८ लाखांवर आलेलं असेल, तेव्हा खर्च ९.११ लाख. पाच वर्षांची बेरीज दोन्हीकडे ५५ लाखच. खिशातून जाणारा पैसाही एका रुपयाने बदलत नाही. बदलतो तो नफा कुठल्या वर्षात किती दिसतो हे. शेवटी हजार रुपयांत मशीन तुमचंच होणार असतं, तर घसारा मशीनच्या पूर्ण आयुष्यावर पसरला असता. ते आयुष्य सात वर्षं धरलं तर पहिल्या वर्षाचा खर्च साडेदहा लाखांच्या आसपास, म्हणजे उलट ११ च्या खाली आला असता. करारातलं एक कलम चित्र कसं फिरवतं बघा.

आता गाळा. पाच वर्षांत इमारतीचं आयुष्य संपत नाही, तुमचं भाडं तिच्या किमतीच्या पासंगालाही पुरत नाही, म्हणून ती ऑपरेटिंग लीज. ताळेबंदात गाळा नाही, कर्ज नाही, नुसता भाडेखर्च. पण ‘सरळ खर्चात टाकतो’ म्हणताय तिथे थांबा. मुंबईतल्या लीव्ह अँड लायसन्समध्ये बहुधा दर वर्षी ५ टक्के वाढ असते. तीन वर्षांचा करार, पहिल्या वर्षी महिना १ लाख धरा. वर्षाला १२ लाख, मग १२.६०, मग १३.२३. एकूण ३७.८३ लाख. गाळा तिन्ही वर्षं सारखाच वापरला जाणार, त्यामुळे खर्च दर वर्षी सारखा, १२.६१ लाख, दाखवायचा. पहिल्या वर्षी चेक १२ लाखांचा, खर्च १२.६१ लाख, फरकाचे ६१ हजार देणं म्हणून उभे करायचे. दुसऱ्या वर्षी त्यात हजाराची भर, तिसऱ्या वर्षी ६२ हजार उलटून शून्य. याला लीज इक्वलायझेशन म्हणतात. तुमच्या पुस्तकात हे खातं दिसत नसेल आणि भाडं वाढतं असेल, तर मशीनआधी हीच चूक दुरुस्त करा.

प्राप्तिकराचं गणित मात्र शेठजींच्या बाजूने आहे. कराच्या दृष्टीने मालक लीज देणाराच, घसारा त्याला मिळतो. सीबीडीटीने २००१ च्या दुसऱ्या परिपत्रकात स्पष्ट केलं की एएस १९ मुळे घसाऱ्याचा हक्क बदलत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ च्या आय.सी.डी.एस. निकालात लीज देणाऱ्यालाच घसारा दिला. तुम्ही रिटर्नमध्ये सर्वसाधारणपणे भाडंच खर्च म्हणून दाखवाल. पुस्तकात १२.६९, करात ११, पहिल्या वर्षी फरक १.६९ लाखांचा. हा पुढच्या वर्षांत उलटणार, म्हणून डिफर्ड टॅक्सची नोंद लागेल. मशीन चुकून कराच्या घसारा तक्त्यात घालू नका. फायनान्स लीज पुस्तकात आली की सॉफ्टवेअर मशीन त्या तक्त्यातही आपोआप ओढून घेऊ शकतं.

समोरच्या पार्टीच्या पुस्तकात आरसा उलटा. फायनान्स लीजमध्ये त्यांच्याकडे मशीन दिसत नाही, तुमच्याकडून येणं दिसतं आणि उत्पन्न म्हणून फक्त व्याज. ऑपरेटिंग असती तर मशीन आणि घसारा त्यांच्याकडेच.

कोणी म्हणेल, ‘आमच्या कंपनीत सगळ्याच लीज ताळेबंदात आहेत, गाळासुद्धा.’ तेही खरं. साधारणपणे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना, आणि नोंदलेल्या नसल्या तरी २५० कोटी किंवा त्यावर नेटवर्थ असलेल्या कंपन्यांना, इंड एएस ही वेगळी स्टँडर्ड्स लागतात, आणि १ एप्रिल २०१९ पासून तिथल्या इंड एएस ११६ ने भाडेकरूसाठी हा भेदच काढून टाकला. बारा महिन्यांपर्यंतच्या आणि किरकोळ किमतीच्या वस्तूंच्या लीज बाहेर ठेवता येतात, बाकी जवळजवळ सगळं आत. लीज देणाऱ्याला मात्र तिथेही दोन प्रकार पाडावेच लागतात. तुम्ही त्यात येत नाही, तेव्हा त्यांचा ताळेबंद पाहून आपला लिहू नका.

शेठजींची खरी भीती बँकेची असणार, असा माझा अंदाज. ती खोटी नाही. वर्षअखेरीस ३३.४१ लाखांचं देणं वाढलेलं दिसेल आणि कॅश क्रेडिटच्या सँक्शन लेटरमध्ये कर्ज आणि भांडवलाच्या गुणोत्तराची अट असेल तर ती तुटू शकते. दुसरीकडे ११ लाख भाडं व्याज आणि घसाऱ्यात गेल्यामुळे त्या आधीचा नफा तेवढ्याने वाढलेला दिसेल. मार्चअखेरची वाट न बघता आत्ताच पत्र काढून अटीतला शब्द वाचा: नुसतं ‘बँक कर्ज’ आहे की ‘एकूण देणी’. दुसरं असेल तर वरच्या हिशेबाचा पाच वर्षांचा तक्ता करून रिलेशनशिप मॅनेजरला आधीच पाठवा आणि अट शिथिल केल्याचं उत्तर ईमेलवर घ्या, फोनवरच्या ‘हो हो, होऊन जाईल’वर राहू नका.