प्रिंटसाठी फोटो पाठवताना ‘डॉक्युमेंट’ निवडा

नांदूरमध्यमेश्वरला काढलेला तुमचा फ्लेमिंगो मोबाईलवर झकास दिसतो आणि नाशिकरोडच्या लॅबवाल्याकडे पोचेपर्यंत त्याची पिसं लापशी होतात, यात कॅमेऱ्याचा दोष नाही. डेटा वाचावा म्हणून व्हॉट्सॲप फोटो पाठवतानाच लहान करतं. ४०००×३००० पिक्सेलचा फोटो साध्या पद्धतीने गेला, की साधारण १६००×१२०० उरतो, म्हणजे जेमतेम सहावा हिस्सा. स्टेटसला तेवढं चालतं. १८ इंची प्रिंटला मात्र इंचामागे ९०च्या आसपास पिक्सेल मिळतात, मूळ फाइलमध्ये ते २२२ असतात.

‘एचडी’ बटण दाबलं तर फरक पडतो, पण कॉम्प्रेशन होतंच. प्रिंटसाठी मी त्याच्यावर भरवसा ठेवत नाही. चॅटमध्ये पेपरक्लिपच्या चिन्हावर जा, ‘गॅलरी’ऐवजी ‘डॉक्युमेंट’ निवडा आणि तिथून फोटो उचला. फाइल जशीच्या तशी जाते, मर्यादा २ जीबीची. फोटो भरपूर असतील तर सरळ गुगल ड्राइव्हची लिंक द्या.

समोरच्याला फाइलचे डीटेल्स बघायला सांगा. ४०००×३००० दिसलं तर काम फत्ते. १६०० दिसलं तर तुम्ही बहुतेक चॅटमधून सेव्ह झालेली प्रत पाठवलीत. ती डॉक्युमेंट करूनही सुधारत नाही, गेलेले पिक्सेल गेलेच. कॅमेऱ्याच्या फोल्डरमधलीच फाइल शोधा.

आणि हो, डॉक्युमेंटसोबत फोटोत नोंदलेलं लोकेशनही जातं. घरचे किंवा घरट्याचे फोटो अनोळखी ग्रुपवर असे टाकू नका.