दोन्ही बाजूंचं डेरिव्हेटिव्ह 2 येतं, तरी फंक्शन डिफरन्शिएबल का नाही?

*बारावी सायन्सला आहे. f(x) = x² जेव्हा x ≤ 1, आणि f(x) = 2x + 3 जेव्हा x > 1. दोन्हींचं डेरिव्हेटिव्ह काढून x = 1 घातलं की 2 आणि 2 येतं. मग उत्तरात "डिफरन्शिएबल नाही" असं का दिलंय?*

उत्तर बरोबर दिलंय. चूक डेरिव्हेटिव्ह काढण्यात झालेली नाही, ते काढायच्या आधी झाली आहे. रत्नागिरीजवळच्या एका गावात मी अकरावी-बारावीला गणित शिकवतो, आणि दरवर्षी निम्मा वर्ग याच जागी अडकतो.

सूत्राने डेरिव्हेटिव्ह काढताना तू 2x + 3 मधला 3 पुसून टाकतोस. तिथे 3 असो, −1 असो की 50, उत्तर 2 च. पण उजवा तुकडा किती उंचीवर बसलाय हे तो 3 च सांगतो. म्हणून जोडाच्या जागी सूत्र बाजूला ठेवायचं आणि मूळ व्याख्येकडे जायचं: (f(1+h) − f(1)) / h, आणि h शून्याकडे.

आधी f(1) ठरव. बरोबरीचं चिन्ह x² च्या बाजूला आहे, म्हणून f(1) = 1. हा आकडा वहीत वर लिहून त्याला चौकट कर, कारण डावीकडून जा की उजवीकडून, वजा करायचा तो हाच.

डावीकडून h ऋण, म्हणजे 1+h हा 1 पेक्षा लहान, म्हणून x² वापरायचं:

((1+h)² − 1) / h = (2h + h²) / h = 2 + h

याचं लिमिट 2. इथपर्यंत तुझं बरोबर आहे. (काही जण डावीकडे 1−h घेतात. चालतं, पण मग खालीही −h हवा. तो विसरला की चिन्ह उलटं पडतं.)

आता उजवीकडून:

(2(1+h) + 3 − 1) / h = (4 + 2h) / h = 4/h + 2

h = 0.1 घाल, 42 येतं. 0.01 ला 402, 0.001 ला 4002. आकडा कुठेच थांबत नाही, म्हणजे लिमिट नाही. मुलं इथे 1 ऐवजी 5 वजा करतात, कारण 2x + 3 मध्ये 1 घातलं की 5 येतं. तसं केलं की 2 मिळतं आणि सगळं छान जुळल्यासारखं दिसतं. पण 5 ही या फंक्शनची x = 1 ची किंमत नाहीच.

आमच्या घराकडे येणारी पाखाडी वर्गात मी फळ्यावर काढतो. खालचा उतार आणि वरचा उतार अगदी एकसारखा, पण मधे एका चिऱ्याची उभी पायरी. सायकल ढकलत वर येताना खाली हाताला जेवढा जोर लागतो तेवढाच वर लागतो, तरी त्या चिऱ्याशी चाक अडतं आणि सायकल उचलावीच लागते. उतार सारखे आहेत म्हणून वाट सलग होत नाही. तुझ्या फंक्शनमध्ये ती पायरी 4 उंचीची आहे, 1 पासून 5 पर्यंत, आणि 4/h मधला 4 तोच.

आता 3 च्या जागी −1 ठेवून बघ. 2(1+h) − 1 − 1 = 2h, भागिले h, बरोबर 2. डावीकडून 2, उजवीकडून 2, f′(1) = 2. परीक्षेत "a आणि b काढा" म्हणून ax + b देतात तो प्रश्न हाच आहे. त्यात दोन अटी लागतात: तुकडे भेटायला a + b = 1, आणि उतार जुळायला a = 2. नुसती दुसरी अट लिहिलीस तर b काहीही चालेल असं वाटतं, आणि तुझा 3 त्यातलाच एक.

मग तुझी सूत्राची पद्धत कधी चालते? आधी जोडावर फंक्शन कंटिन्युअस आहे हे दाखवलं आणि मग दोन्ही बाजूंच्या डेरिव्हेटिव्हची लिमिट सारखी आली, तर चालते. लग्रांजच्या मध्यमूल्य प्रमेयातून ते सिद्ध होतं. मात्र ती लिमिट मिळाली नाहीत म्हणून "डिफरन्शिएबल नाही" असं लिहू नकोस. x ≠ 0 ला x² sin(1/x) आणि f(0) = 0 हे फंक्शन घे. त्याचं डेरिव्हेटिव्ह 2x sin(1/x) − cos(1/x), आणि x शून्याकडे जाताना त्यातला cos(1/x) वरखाली होतच राहतो, स्थिरावत नाही. पण व्याख्येने केलंस तर h sin(1/h) उरतं. ते −|h| आणि |h| यांच्यामध्ये अडकलेलं आहे, म्हणून शून्याला जातं, आणि f′(0) = 0 मिळतं.