पहिली भाकरी फुगवू नकोस
तुझी गोष्ट वाचली, सोलापुरातली ती दहा बाय दहाची खोली आवडली, पण दोघांची पहिलीच भाकरी टम्म फुगते हे काय पटत नाही बघ. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यात पीठ जुनं असलं की विरी जाते आणि थापतानाच कडा फाटतात, ते दाखव ना. मग दुसऱ्या दिवशी तिनं उकळतं पाणी घालून पीठ भिजवावं, त्यानं तळहातानं रगडून मळावं. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवलं की उलटवायची कधी, यावरून दोघांचं वाजू दे. फार ओली उलटली तर चिकटते, उशीर झाला तर भेगा पडतात. तेवढ्यावर अख्खा सीन उभा राहतो, प्रेमाचे डायलॉग काढून टाक.